बेडसाइड चेकलिस्ट : हात आणि आयसोलेशन
स्त्री मेडिकल वॉर्ड, सर्व शिफ्ट. संसर्ग नियंत्रण धोरणाची पूर्ण फाइल नर्सिंग स्टेशनवर आहे. हा कागद प्रत्येक बेडच्या क्लिपबोर्डवर राहील.

ड्यूटीवर येताच
☐ घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढल्या. नखं कापलेली, बाह्या कोपराच्या वर.
☐ बेडजवळची हॅन्डरबची बाटली भरलेली, पंप चालू. घाईच्या वेळी बेसिनपर्यंत कोणी जात नाही, म्हणून रिकामी बाटली तिथल्या तिथे बदला.

हात स्वच्छ करायचे
☐ रुग्णाला हात लावण्याआधी. नाडी बघणं, उशी सरकवणंही यात आलं.
☐ सलाइन जोडणं, इंजेक्शन, कॅथेटर, ड्रेसिंग, सक्शन यांच्या अगदी आधी. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. आपण हात चोळून येतो, पडदा ओढतो, रेलिंग खाली करतो आणि त्याच हातांनी आयव्हीचा हब धरतो. आधी पडदा, रेलिंग, ट्रे सगळं उरका. मग हात, मग थेट हब.
☐ रक्त, लघवी, थुंकी, उलटी यांच्याशी संबंध आल्यावर.
☐ रुग्णाजवळून निघताना.
☐ फक्त मॉनिटर, पंप किंवा चादरीला हात लागला असला, तरीही.

हॅन्डरब २० ते ३० सेकंद, हात कोरडे होईपर्यंत. अंगठे आणि बोटांची टोकं विसरू नका. हात मळलेले दिसत असतील किंवा रुग्णाला जुलाब असतील तर साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. सी. डिफिसिलचे बीजाणू हॅन्डरबने मरत नाहीत.
☐ ग्लोव्हज दर रुग्णाला नवे. काढल्यावर पुन्हा हात.

आयसोलेशन
☐ संशय आला की कार्ड लावा, रिपोर्टची वाट बघू नका.
☐ संपर्क (एमआरएसए, औषधांना न जुमानणारे जंतू, जुलाब): आत जाण्याआधी गाऊन, ग्लोव्हज. बीपी कफ, स्टेथोस्कोप, थर्मामीटर त्याच रुग्णाचे.
☐ थेंब (फ्लू, घटसर्प): सर्जिकल मास्क. स्वतंत्र खोली नसेल तर खाटांमध्ये किमान १ मीटर अंतर आणि मध्ये पडदा.
☐ हवा (फुप्फुसाचा टीबी, गोवर, कांजिण्या): स्वतंत्र खोली, दार बंद, एन-९५. मास्क घातल्यावर कडेने हवा सुटते का ते बघा. रुग्णाला बाहेर न्यायचं झाल्यास तिला सर्जिकल मास्क.

काढताना क्रम
☐ ग्लोव्हज, गाऊन, हात. खोलीबाहेर आल्यावर दार लावून एन-९५, फक्त पट्ट्यांना धरून. पुन्हा हात.

☐ नातेवाईक आणि मावशींना कार्डाचा अर्थ तोंडी सांगितला. मावशी रोज त्याच खोलीत पुसायला जातात. त्यांना मास्क मिळालाय का, तेही बघा.
☐ हँडओव्हरमध्ये आयसोलेशनचा प्रकार आणि कारण सांगितलं.

कार्ड कधी काढायचं ते डॉक्टर आणि संसर्ग नियंत्रण सिस्टर मिळून ठरवतील. शंका असल्यास इंटरकॉम २१४, रात्रीही.