चिवड्याच्या पाकिटाची किंमत: एक प्रश्न आणि त्याचं सोडवलेलं उत्तर

प्रश्न (२० गुण). नाशिकच्या अंबड एमआयडीसीत दोन बहिणी गाळा भाड्याने घेऊन चिवडा करतात आणि रविवार कारंजा, पंचवटी, सिडको इथल्या दुकानांत देतात. २०० ग्रॅमच्या पाकिटाची एमआरपी ६० रुपये. दुकानदार एमआरपीवर २० टक्के ठेवतो. एका पाकिटामागे पोहे, तेल, शेंगदाणे आणि मसाल्याला २२ रुपये, पाकीट आणि खोक्याला ४, टेम्पोला २, पॅकिंग करणाऱ्या बायकांना नगावर २ रुपये जातात. महिन्याचा ठरलेला खर्च असा: भाडे २५,०००, दोन कारागिरांचा पगार ४०,०००, वीज आणि हप्ते १५,०००, जाहिरात १०,०००. सध्या महिन्याला ६,५०० पाकिटे जातात. कढई आणि माणसे बघता ८,००० च्या वर निघत नाहीत. जीएसटी विचारात घेऊ नका.

(अ) कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे एका पाकिटाच्या मिळणाऱ्या किमतीतून त्याचा बदलता खर्च वजा जाता जे उरतं ते, ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा अशी विक्री, आणि सध्याचा नफा काढा.
(आ) धाकटी म्हणते, एमआरपी ५५ करू. थोरली म्हणते, ६५. दुकानदार म्हणतात, किंमत राहू द्या, दहा पाकिटांवर एक फुकट द्या. सध्याचा नफा टिकवायला प्रत्येक पर्यायात किती पाकिटे विकावी लागतील? तुमचा सल्ला काय?
(इ) एका यात्रा कंपनीला थेट २,००० पाकिटे ३८ रुपयांनी हवी आहेत, एकदाच. घ्यावी का?

उत्तर

(अ) पहिली चूक इथेच होते. अर्धा वर्ग ६० मधून ३० वजा करून मोकळा होतो. बहिणींच्या हातात ६० कधीच येत नाहीत. दुकानदाराचे १२ गेले की ४८ उरतात. बदलता खर्च २२ + ४ + २ + २ = ३०. म्हणून कॉन्ट्रिब्युशन १८ रुपये, म्हणजे मिळणाऱ्या किमतीच्या ३७.५ टक्के.

स्थिर खर्च ९०,०००.
ब्रेक-इव्हन = ९०,००० ÷ १८ = ५,००० पाकिटे, रुपयांत २,४०,०००.
नफा = (६,५०० − ५,०००) × १८ = २७,०००.

जाहिरातीचे १०,००० विक्रीबरोबर हलत नाहीत, म्हणून ते स्थिर खर्चात. पॅकिंगची मजुरी नगावर आहे, म्हणून बदलत्यात. 'मजुरी' हा शब्द दिसला की डोळे मिटून स्थिर खर्चात टाकू नका.

(आ) तिन्ही पर्यायांत कॉन्ट्रिब्युशनमधून ९०,००० + २७,००० = १,१७,००० निघायला हवेत.

५५ रुपये: दुकानदाराचे ११, आपल्याला ४४, कॉन्ट्रिब्युशन १४. १,१७,००० ÷ १४ = ८,३५७.१, म्हणजे ८,३५८ पाकिटे. एमआरपी जेमतेम ८.३ टक्क्यांनी उतरली, पण विक्री २८.६ टक्क्यांनी वाढायला हवी. त्यातून कढईतून ८,००० च्या वर निघतच नाहीत. पर्याय इथेच संपला.

दहावर एक फुकट: इथे भले भले अडखळतात. कोणी ४८ चा दहावा भाग वजा करतो. तसं नाही. दहा पाकिटांचे ४८० येतात, अकरा पाकिटांचा खर्च ३३० जातो, उरतात १५०. विकलेल्या पाकिटामागे १५. फुकटच्या पाकिटाची किंमत आपल्याला ४८ नव्हे, ३० पडते, हे लक्षात आलं की गणित सरळ आहे. १,१७,००० ÷ १५ = ७,८०० विकलेली, अधिक ७८० फुकट, एकूण ८,५८०. हीसुद्धा क्षमतेबाहेर. ७,८०० वर थांबून 'जमेल' लिहिलेल्या उत्तराला मी दोन गुण कापतो.

६५ रुपये: दुकानदाराचे १३, आपल्याला ५२, कॉन्ट्रिब्युशन २२. १,१७,००० ÷ २२ = ५,३१८.२, म्हणजे ५,३१९ पाकिटे. १,१८१ पाकिटे कमी गेली तरी नफा तेवढाच. १८ टक्के घट झेपते. ब्रेक-इव्हनही ४,०९१ वर येतो.

सल्ला थोरलीच्या बाजूने, पण अटीसह. शेजारच्या बरणीतला सुटा चिवडा काय भावाने जातो आणि गिऱ्हाईक पाच रुपयांसाठी हात मागे घेतं का, हे प्रश्नपत्रिकेत नाही, काउंटरवर उभं राहून बघायला लागतं. दोन-तीन दुकानांत महिनाभर ६५ लावून बघा. विक्री १८ टक्क्यांहून जास्त पडली तर परत ६०.

(इ) ३८ − ३० = ८ रुपये; २,००० × ८ = १६,०००. घाईत 'घ्यावी' लिहाल. पण ६,५०० + २,००० = ८,५००, आणि निघतात ८,०००. नेहमीच्या दुकानांची ५०० पाकिटे कापावी लागतील, त्यांचं कॉन्ट्रिब्युशन ९,०००. हाती उरतात ७,०००. टेम्पोचे २ रुपये इथेही धरले आहेत. कंपनी स्वतः गाडी पाठवणार असेल तर आणखी ४,०००.

ऑर्डर घ्या, पण दिवाळीच्या महिन्यात नको. तेव्हा रविवार कारंजावरच्या दुकानदाराला माल नाही म्हणालात, तर तो ती फळी दुसऱ्याला देतो आणि ती परत मिळत नाही. ७,००० च्या हिशोबात हे धरलेलं नाही.