फ्लॉरेन्सचा मुक्काम: घड्याळ आणि दारावरच्या पाट्या

(रविवार २१ जून ते गुरुवार २५ जून. हा कागद पर्समध्ये किंवा खिशात ठेवा, हॉटेलवर विसरू नका.)

मंडळी, पाट्यांवरचे इटालियन शब्द इथे उच्चारानुसार लिहिले आहेत. दारावर ते रोमन लिपीत दिसतील, त्यामुळे एक खूण लक्षात ठेवा: सी आणि एच जोडून आले की उच्चार 'क' होतो. सी-एच-आय-यू-एस-ओ म्हणजे 'किऊसो', बंद. उघडं असेल तर 'आपेर्तो'. दारावर 'तिरारे' लिहिलं असेल तर ओढा, 'स्पिंजेरे' असेल तर ढकला.

घड्याळ

लिहिताना सगळीकडे चोवीस तासांचं घड्याळ असतं आणि तास-मिनिटांमध्ये बहुधा टिंब असतं: १५.३०, १९.४५. तेरापासून पुढच्या आकड्यातून बारा वजा करा. १७ म्हणजे संध्याकाळचे पाच. घाईत सतरातला सातच डोळ्यांत भरतो आणि माणूस दोन तास उशिरा पोचतो, म्हणून वजाबाकी टाळू नका. हाताने लिहिलेल्या पाटीवर आणखी एक गंमत असते. इथली माणसं एकाला डोक्यापासून लांब तिरपी रेघ काढतात, म्हणून तो साताच्या जवळ जातो. खरा सात ओळखायचा तो पोटातल्या आडव्या रेघेवरून.

बोलताना मात्र दुकानदार बारा तासांचं घड्याळ वापरतो. पाटीवर १६.०० असलं तरी तो 'आल्ले क्वात्त्रो', चारला, असं म्हणेल. स्टेशनवरची घोषणा लिहिल्याप्रमाणेच होते: १३.०८ ची गाडी 'त्रेदिची ए ओत्तो', तेरा आणि आठ.

किती वाजले हे विचारायला 'के ओरे सोनो?' म्हणा. उत्तर ऐकताना आपल्याला इंग्रजीपेक्षा मराठीचा आधार जास्त होईल. सव्वातीन म्हणजे 'त्रे ए उन क्वार्तो', साडेतीन म्हणजे 'त्रे ए मेद्झा'. पावणेचारला ते 'क्वात्त्रो मेनो उन क्वार्तो' म्हणतात, चारला पाव कमी. 'मेनो' ऐकू आलं की पुढच्या तासाचं नाव आधी घेतलं गेलंय हे ओळखा. दुपारचे बारा 'मेद्झोजोर्नो', रात्रीचे बारा 'मेद्झानोत्ते', बरोब्बर ठोक्याला 'इन पुन्तो'.

मात्तीना म्हणजे सकाळ, पोमेरीज्जो दुपार, सेरा संध्याकाळ, नोत्ते रात्र. आपण पहाटे दोनला रात्रीचे दोन म्हणतो, तसेच तेही म्हणतात: 'दुए दी नोत्ते'. आज संध्याकाळी 'स्तासेरा', उद्या 'दोमानी'. आपला 'परवा' दोन्हीकडे चालतो, त्यांचा चालत नाही: येणारा परवा 'दोपोदोमानी', गेलेला 'लाल्त्रो येरी'. चामड्याच्या दुकानात पट्टा कापून घ्यायला टाकलात आणि दुकानदार 'फ्रा ओत्तो जोर्नी' म्हणाला, तर आठ दिवसांनी, म्हणजे आपल्यासारखाच आठवडा. गुरुवारी आपण निघतोय, तेव्हा असं काम देऊ नका.

पाट्या

सगळ्यात जास्त घोटाळा तीन शब्दांचा होतो. 'फेरिआली' म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शनिवार. 'फेस्तीवी' म्हणजे रविवार आणि सणसुट्ट्या. आणि 'फेरिये' म्हणजे मालकाची रजा. पहिला आणि तिसरा ऐकायला भाऊभाऊ वाटतात, अर्थ उलटे. बसच्या थांब्यावरच्या वेळापत्रकातही फेरिआली-फेस्तीवी हेच रकाने असतात. चुकीचा रकाना वाचलात तर न येणाऱ्या बसची वाट पाहाल.

हॉटेलच्या गल्लीत चामड्याच्या दुकानावर अशी पाटी दिसेल:

ओरारिओ दी आपेर्तूरा
दाल मार्तेदी आल साबातो: ९.३०–१३.०० / १५.३०–१९.३०
लुनेदी: १५.३०–१९.३०
दोमेनिका किऊसो

मराठीत: उघडण्याच्या वेळा. मंगळवार ते शनिवार सकाळी साडेनऊ ते एक, दुपारी साडेतीन ते साडेसात. सोमवारी फक्त साडेतीनपासून. रविवारी बंद. मधली अडीच तासांची फट म्हणजे मालकाचं जेवण आणि विश्रांती. काचेवर टकटक करून उपयोग नाही. सोमवारी सकाळी बंद राहणारी कपड्या-चपलांची दुकानं इथे बरीच आहेत, त्यामुळे आपली खरेदी मंगळवारी सकाळी ठेवली आहे.

'ओरारिओ कोन्तिनुआतो' दिसलं तर दुपारची सुट्टी नाही. मोठी दुकानं आणि सुपरमार्केट बहुधा अशी चालतात. २०१२ पासून वेळा ठरवायची मोकळीक दुकानदारांना कायद्याने मिळाली आहे, तरी गल्लीतली जुनी दुकानं दुपारची झोप सोडायला तयार नाहीत. त्यांना दोष तरी कसा द्यावा, पुण्यात दुपारी एक ते चार काय चालतं हे आपल्याला ठाऊक आहे.

हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्याही लागतील. 'तोर्नो सुबितो': लगेच येतो. वेळ लिहिलेली नसेल तर थांबू नका. 'किऊसो पेर लुत्तो': घरात कुणी गेलंय म्हणून बंद, अशा दारासमोर फोटो काढू नका. 'किऊसो पेर फेरिये, रिआप्रियामो इल…' आणि पुढे तारीख: रजेवर, अमुक दिवशी पुन्हा उघडू. ही पाटी ऑगस्टमध्ये, १५ तारखेच्या सणाच्या आगेमागे, सर्रास दिसते. जूनमध्ये क्वचित.

औषधाच्या बंद दुकानावर 'फार्माचीआ दी तुर्नो' असं लिहून शेजारी पत्ता असतो: पाळीवर असलेलं, आत्ता उघडं दुकान. रक्तदाबाच्या गोळ्या वाटेत संपल्या तर हीच ओळ शोधा.

चर्चच्या दाराशी 'नोन सी विसिता दुरान्ते ला सान्ता मेस्सा' दिसलं तर प्रार्थनेच्या वेळी आत हिंडायला मनाई आहे. संग्रहालयात 'उल्तिमो इंग्रेस्सो' म्हणजे शेवटचा प्रवेश. बंद होण्याच्या वेळेपेक्षा हा बराच आधीचा असतो. उफ्फीत्सी आणि आकादेमिया दोन्ही सोमवारी बंद, म्हणून उफ्फीत्सीची तिकिटं मंगळवारची आहेत, १४.१५ ची. म्हणजे सव्वादोन. दाराशी पावणेदोनला भेटू.

जेवण

खानावळीच्या दारावर दोन वेळा असतात, साधारण १२.३०–१४.३० आणि १९.३०–२२.३०. मधल्या वेळात चूल थंड असते. चार वाजता पोटात कावळे ओरडले तर 'बार'मध्ये जा. नाव ऐकून दचकू नका, इथला बार म्हणजे कॉफी आणि बनपाव मिळायची जागा, सकाळपासून उघडी. 'ला कुचीना किऊदे आल्ले २२' म्हणजे दहाला स्वयंपाकघर बंद. पावणेदहाला जाऊन मेन्यू चाळत बसू नका.

बुधवार, २४ जून

संत योहानाचा दिवस, फ्लॉरेन्सच्या ग्रामदैवताचा उत्सव म्हणा हवं तर. सुट्टी फक्त या शहरापुरती असली तरी बरीच दुकानं बंद असतील, काही फेस्तीवीच्या वेळा पाळतील. पाणी, फळं, गोळ्या मंगळवारीच घ्या. रात्री आतषबाजी असते. त्या दिवसांत सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळ संपतच नाही असं वाटेल.

सकाळी कॅथेड्रलमध्ये गेलो की मुख्य दाराच्या आतल्या बाजूला वर बघा. पाओलो उच्चेल्लोने १४४३ मध्ये रंगवलेली तबकडी आहे. तिच्यावर चोवीस तास आहेत, एकच काटा आहे आणि तो उलटा फिरतो. जुन्या इटालियन हिशोबात दिवस सूर्यास्ताला संपायचा, तेव्हा चोवीसावा तास पुरा. आपल्या मोबाइलशी ती जुळवायला जाऊ नका.

गुरुवारी गाडी ८.५० ला आहे. फलकावर 'पार्तेन्त्से' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, 'बिनारिओ' म्हणजे फलाट, आणि 'रितार्दो'पुढचा आकडा म्हणजे उशिराची मिनिटं. सामानासकट हॉटेलच्या दाराशी साडेसात, इन पुन्तो.