पूर्वेच्या बेडरूममधली तिरकी भेग: फोटोऐवजी वर्णन

नमस्कार सर,

तुम्ही मागितलेला फोटो आता नाही. फोन बंद पडला, फोटोही त्यातच गेले. त्यात रंगाऱ्याने परवा भेगेत पुट्टी भरली. सुदैवाने त्याआधी टेपने घेतलेली मापं वहीत आहेत, तीच लिहिते.

इमारत नौपाड्यात, तळमजला अधिक तीन, आरसीसी. आमचं घर पहिल्या मजल्यावर. भिंत पूर्वेची, बाहेरची, नऊ इंची विटांची. आत उभं राहून खिडकीकडे तोंड केलं की खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून भेग निघते आणि उजवीकडे खाली, कोपऱ्यातल्या कॉलमच्या दिशेने उतरते. सुरुवात जमिनीपासून ९० सेंमीवर, शेवट २२ सेंमीवर. आडवं अंतर ७५ सेंमी, म्हणजे तिरकी लांबी साधारण एक मीटर. कॉलमच्या अलीकडे वीतभर अंतरावर ती संपते.

रुंदी सगळीकडे सारखी नाही, मला काळजी त्याचीच आहे. खिडकीपाशी दोन एटीएम कार्डं एकत्र जेमतेम शिरत होती, म्हणजे दीड मिलिमीटर धरा. मध्यावर एकच कार्ड, तेही घट्ट. खालच्या टोकाला पेन्सिलीचं ०.५ चं शिसंही जात नव्हतं. वरच्या टोकाशी प्लास्टर थोडं खरवडलं तेव्हा भेग विटेतही दिसली. कंपाउंडमधून पाहिलं तर बाहेरच्या अंगालाही त्याच जागी रेघ आहे; बाहेरून ती अर्थातच खिडकीच्या डाव्या हाताला दिसते. आरपार आहे का, हे मी ठामपणे सांगू शकत नाही.

बीमखाली भिंतीच्या पूर्ण लांबीची एक आडवी, केसाएवढी रेघ आहे. ती आम्ही राहायला आल्यापासून तशीच आहे. कॉलमवर उभी भेग नाही, गंजाचे डाग नाहीत, ठोकून पाहिलं तर आवाज भरीव येतो.

तिरकी भेग मात्र शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकासाचा खड्डा खणायला लागल्यानंतरच दिसली. खड्डा आमच्या याच भिंतीच्या बाजूला आहे. त्याच सुमारास या खिडकीची सरकती काच अडकायला लागली. आणि आज सकाळी ताज्या पुट्टीत, खिडकीपाशी, बोटभर लांब बारीक रेघ उमटली आहे. पुट्टी वाळताना तडकते हे मला माहीत आहे, पण ही जुन्या रेषेवरच आहे. तिला आडव्या पेन्सिलखुणा करून तारीख घातली आहे. रंगाऱ्याला काम थांबवायला सांगितलंय.

खालच्या मजल्यावरच्या काकूंकडेही याच खिडकीजवळ पाहिलं. त्यांच्याकडे भिंतीला कपाट टेकलेलं आहे, ते रविवारी हलवणार आहोत.

सर, कृपया या आठवड्यात येऊन बघाल का? पुट्टी काढून ठेवू की तशीच राहू देऊ? भेगेवर काचेची पट्टी चिकटवायची असेल तर कुठे, तेही सांगा. सासूबाईंचा पलंग याच भिंतीला लागून आहे. तुम्ही येईपर्यंत त्यांना हॉलमध्ये झोपवते आहे. मी रोज संध्याकाळी सहानंतर घरी असते.