तक्रार अर्ज: दुसऱ्या मजल्यावरचे फायर एक्झिट अडवल्याबाबत

दि. 6 ऑक्टोबर 2025

प्रति,
सुरक्षा समिती,
मुख्य शाखा, पुणे

विषय: दुसऱ्या मजल्यावरचे फायर एक्झिट आजच्या आज मोकळे करण्याबाबत

महोदय/महोदया,

मी दुसऱ्या मजल्यावर साडी काउंटरला काम करते. आमच्या मजल्यावरून मागच्या बोळात उतरणाऱ्या जिन्याचा दरवाजा गणपतीनंतर दिवाळीचा माल आला तेव्हापासून अडलेला आहे. दरवाजापुढे साड्यांचे गठ्ठे आणि खोकी छातीपर्यंत रचली आहेत. त्यामागे दोन मोडके पुतळे उभे केले आहेत. दरवाजाला आतून साखळी घालून कुलूप लावले आहे आणि किल्ली तळमजल्यावर कॅश काउंटरच्या ड्रॉवरमध्ये असते. भिंतीवरचे अग्निशामक सिलिंडर खोक्यांच्या मागे गेले आहे. ‘बाहेर’ लिहिलेल्या हिरव्या पाटीवर सेलचा फलक टांगला आहे. नवीन गिऱ्हाइकाला तिथे दरवाजा आहे हे कळणारसुद्धा नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मीटरच्या खोलीची. ती पुढच्या जिन्याच्या अगदी खाली आहे. तिथे शॉर्टसर्किट झाले तर धूर त्याच जिन्याने वर येईल, लिफ्ट वापरता येणार नाही आणि मागचा दरवाजा बंद. चारही बाजूंना कापड. संध्याकाळच्या गर्दीत लेकुरवाळ्या बायका आणि म्हातारी माणसे असतात, त्यांना आम्ही कुठून बाहेर काढायचे?

मी मजल्याच्या इन्चार्जना दोनदा सांगितले. “दिवाळी होऊ दे, मग बघू,” असे उत्तर मिळाले. पण गर्दी दिवाळीपर्यंतच आहे. मागच्या दाराने माल चोरीला जातो म्हणून कुलूप लावले, हे मला मान्य आहे. त्यावर उपाय आहे: आतून दांडा ढकलला की उघडणारा आणि बाहेरून न उघडणारा दरवाजा बसवावा, उघडताच घंटा वाजेल अशी सोय करावी.

मे 2019 मध्ये आपल्या जवळच उरुळी देवाची येथे कापडाच्या दुकानाला आग लागली. आत झोपलेल्या पाच कामगारांना बाहेर पडता आले नाही, ते गेले. ते आमच्यासारखेच कापड दुकानात राबणारे होते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार आगीपासून बचावाची व्यवस्था कायम चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची आणि जागा वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. परवानाधारक एजन्सीचे ‘बी’ नमुन्यातील प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. मधल्या काळात रस्ता अडवला तर त्या कागदाचा उपयोग काय?

तरी कुलूप आजच काढावे, माल गोदामात हलवावा, पाटी आणि सिलिंडर मोकळे करावेत आणि समितीने स्वतः येऊन पाहावे. माल हलवायला आम्ही काउंटरवरच्या सगळ्या जणी दुकान बंद झाल्यावर थांबायला तयार आहोत. दोन दिवसांत काही झाले नाही तर मी महापालिकेच्या अग्निशमन दलाकडे लेखी तक्रार करीन.

दरवाजाचे काल काढलेले तीन फोटो सोबत जोडले आहेत. या अर्जाची सही-शिक्क्यासह पोच मिळावी.

आपली विश्वासू,
विक्री सहाय्यक, साडी विभाग, दुसरा मजला
हजेरी क्रमांक 47