पण रायवळ कशाला तोडतोस?

पण रायवळ कशाला तोडतोस, मंदार?

वर काही शोधू नकोस, हा पहिलाच मेसेज आहे. मी सुमतीकाकू, गडग्याच्या खालच्या अंगाची. नंबर तुझ्या गड्याकडून घेतला, त्याला ओरडू नकोस. सोमवारी करवतवाला येणार हेही त्यानेच सांगितलं. तेव्हापासून तुझ्याशी मनातल्या मनात बोलतेच आहे. आज म्हटलं, निदान अर्धं तरी तुझ्यापर्यंत पोचू दे.

तू म्हणशील, मोजणीत खूण बुंध्यातून गेली, चिऱ्याचा सरळ गडगा घालायचा तर झाड मध्ये येतं. बरोबर आहे. तू म्हणशील, त्याच्या सावलीत माझी दोन कलमं मोहरत नाहीत. तेही बरोबर, मी रोज बघते. आणि म्हणशील, रायवळाला वाशीत कोण विचारतो! कुणी नाही. बिटके आंबे, सगळे धागे आणि बाठा. आमच्याकडे रायतं आणि थोडं साठ होतं, बाकी वानरं खातात.

पण तुझ्या त्या वरच्या वाफ्यात नुसता हापूस आहे, दुसऱ्या जातीचं एक झाड नाही. हापूसच्या मोहोरात नर फुलं जास्त, फळ धरणारी कमी, आणि जी असतात ती आपल्याच परागावर नीट धरत नाहीत. मोहोर असा येतो की बघणारा म्हणतो यंदा पेट्याच पेट्या, आणि मग कणी गळून नुसत्या काड्या उभ्या. दापोलीचं विद्यापीठ म्हणून तर सांगतं की हापूसच्या बागेत दहा टक्के तरी झाडं दुसऱ्या जातीची हवीत. आपल्या दोघांच्या बागेत ते काम हा एकटा रायवळ करतो. आंब्यात मुख्य काम मधमाशीचंही नव्हे, साध्या माशांचं. त्या याच्या मोहोरावरून उठतात आणि तुझ्याकडे जातात, माझ्याकडे येतात. सातबारा कोणाचा ते त्यांना ठाऊक नाही. रायवळाच्या अंगच्या तुझ्या पहिल्या दोन ओळी आणि पार वरच्या कातळाकडची ओळ, कणी धरली की शेजारी शेजारी ठेवून बघ. मी तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, ऐकीव गोष्टीवर बोलत नाही.

तुझ्या बाबांना हे माहीत होतं. तुझ्या काकांशी त्यांचं बोलणं नव्हतं, कशावरून ते तुलाही ठाऊक असेल, पण भांडण ऐन भरात असतानाही त्यांनी या झाडाला कोयता लावला नाही. एकदाच फांदी उतरवली, ती आजोबांना न्यायच्या वेळी, आणि तेव्हा दोघे भाऊ खाली उभे राहून दोर धरत होते. बोलले नाहीत हो, तेव्हाही नाही.

सावलीचं मात्र तुझं खरं. तर तुझ्याकडे झुकलेली ती मोठी फांदी उतरव. पाऊस आता ओसरतोय, पालवी फुटायच्या आत उतरव. खालून आधी अर्धवट काप दे, मग वरून, नाहीतर साल सोलत बुंध्यापर्यंत येते. कापल्या जागेला बोर्डोपेस्ट लाव. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे आणि मग एकत्र करायचे, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी डब्यात नको. माझ्याकडे मोरचूद शिल्लक आहे, आणू नकोस.

करवतवाला वर चढणारच आहे तर त्याच्याकडून तुझ्या कलमांवरची बांडगुळं काढून घे. तीन झाडांवर माझ्या खिडकीतून दिसतात. नुसती ओरबाडायची नाहीत, मुळं फांदीत घुसलेली असतात, थोड्या खालून फांदीसकट कापायची. आणि विहिरीजवळच्या कलमाच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडतोय. तो भिरूड आहे. भोक शोध, तारेच्या आकड्याने अळी ओढून काढ. अंगठ्याएवढी पांढरी असते. यंदा राहिली तर पुढच्या वर्षी ते कलम वाळेल. हे गड्याने तुला सांगायला हवं होतं, पण तो पगारी माणूस, मालक मुंबईला, चालायचंच.

ऑगस्टात कल्टार घातलंस ते पाहिलं. घातलंस ते घातलंस. पण त्या दोन बारक्या कलमांना नको होतं, दहा वर्षांचीही नाहीत ती. आणि कल्टार घातलं की झाड जास्त मागतं. शेणखत पोटभर दे, नाहीतर दोन हंगाम मिळतील आणि मग झाड बसेल. मोहोर पूर्ण फुलला की फवारणी थांबव. तुडतुड्याची पहिली फवारणी त्याआधी, पालवीवरच उरकायची. भर फुलात पंप चालवलास तर माशाही मरतात, आणि मग रायवळ असून उपयोग नाही.

आता गडग्याचं. तू सरळच घाल, फक्त झाडाशी आल्यावर माझ्या बाजूने वळव. बुंध्यापासून तीन हात माझ्याकडे सोड, अर्धा गोल पडेल तेवढा. झाड पूर्ण तुझ्या हद्दीत जाईल. ते लिहून हवं असेल तर तसं लिहून देते, तलाठ्यासमोर द्यायचं तर तिथेही येते. जागा जाते ती माझी, आणि मला तिथे काही लावायचं नाही. तुझ्या काकांना हे पटलं नसतं, ते आता नाहीत. आंबे पडतील ते तुझे. रायत्यापुरते दिलेस तर घेईन, नाही दिलेस तर बाजारात मिळतात.

एक गोष्ट सांगावी की नको याचा विचार करत होते, सांगतेच. आंबा अनुसूचित झाडांत येतो, 1964 चा कायदा आहे. परवानगीशिवाय तोडता येत नाही, स्वतःच्या जमिनीतला असला तरी. करवतवाले म्हणतात कोण बघतंय, आणि उद्या दंडाचा कागद मालकाच्या नावाने येतो. मी तक्रार करणार नाही. केली असती तर हा मेसेज लिहिला नसता. पण पाखाडीवरून सगळा गाव जातो, आणि एवढं झाड पडलेलं लपत नाही.

तुला पुढेमागे जोड हवीच असेल तर वरच्या कातळाकडे दोन-चार रत्ना लाव, किंवा केसर. रत्ना दापोलीचीच, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली. पण ती मोहरायला वर्षं जातील, तोवर आहे ते राहू दे. पावसाळ्याआधी खड्डे मारलेस तर रोपं आणायला माझ्याबरोबर चल, मला नर्सरीवाले ओळखतात, उगाच रायवळाच्या बाठ्यावर भलतंच कलम गळ्यात मारणार नाहीत.

करवतवाल्याला विसार दिला असशील. फांदी आणि बांडगुळं याचे पैसे त्यातून वळते होतील, त्याच्याशी मी बोलते, तो माझा विद्यार्थी आहे. उरलेले तो परत करणार नाही, तेवढे मी देते. किती दिलेस ते कळव.

सुमतीकाकू