मिरजेच्या तानपुऱ्याची फिल्म: शूटचा प्लॅन (मयुरी, ओंकार, नीट वाचा)

काल रात्री मिरजेहून परत आलो आणि बसून सगळं लिहून काढलं, कारण डोक्यात ठेवलं तर अर्धं विसरणार. फिल्म बारा मिनिटांची. त्याच्यावर एक मिनिटही नको.

आधी मूळ गोष्ट. आपण एकच तानपुरा धरायचा. सुक्या भोपळ्यापासून सुरू करायचं आणि जवारी लागून तो पहिल्यांदा नीट बोलतो तिथे संपायचं. बाकी जे काय सांगायचंय, म्हणजे इतिहास, सतारमेकर गल्ली, पोरं या कामात राहतात का नाही, ते सगळं त्या एका तानपुऱ्याला चिकटूनच यायला पाहिजे, नाहीतर कापून टाकायचं. आणि "लोप पावत चाललेली कला" हे वाक्य आपल्या फिल्ममध्ये कुणाच्याच तोंडी नको, आपल्या तर नकोच. तानपुरा बनवणाऱ्या चाचांच्या दुकानात परवा मी होतो तेव्हा तीन वाद्यं दुरुस्तीला आलेली आणि त्यांच्या पुतण्याचा फोन सारखा वाजत होता, लोप बिप काही नाही, माणसं कामात आहेत.

आता अडचण अशी की एक तानपुरा व्हायला कित्येक आठवडे जातात आणि आपल्याकडे शूटचे दिवस एकूण सात. म्हणून तीन फेऱ्या करू. पहिली दिवाळीनंतर लगेच, दोन दिवस, भोपळा आणि लाकूड. दुसरी डिसेंबरच्या मध्यात तीन दिवस, दांडी, तबली, नक्षी, पॉलिश आणि मोठे इंटरव्ह्यू. तिसरी जानेवारीत दोन दिवस, तारा आणि जवारी. पावसाळ्यात मुद्दाम ठेवलं नाही, दमट हवेत पॉलिश लवकर वाळत नाही आणि चाचा वैतागलेले असतात. भोपळ्यावर पहिल्याच दिवशी पेन्सिलने खूण करून घेतलीय, तोच शेवटपर्यंत फॉलो करायचा. दुसऱ्या भोपळ्याचा शॉट याचाच म्हणून दाखवायचा नाही, कितीही छान आला तरी.

सुरुवात. स्क्रीन काळी, फक्त टक टक. मग कळतं की चाचा बोटाने भोपळ्यावर टकटक करून ऐकतायत, एक बाजूला ठेवतात, दुसरा उचलतात. बोलणं काही नाही, पूर्ण एक मिनिट. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतात, कडू असतात, खायचे नाहीतच, जाड सालीसाठी लावतात. एक सकाळ तिकडच्या शेतात जायचंय, पण भोपळे रानात वाळत पडलेले असतील तरच, नाहीतर गाडीचं डिझेल वाचवू. मग भोपळा कापणं, पाण्यात भिजवणं, आतला गर काढणं, आकार बसावा म्हणून आत काठ्या लावणं. हे मला डिटेलमध्ये हवंय कारण बहुतेकांना वाटतं की तानपुऱ्याचा खालचा गोल भाग लाकडाचा असतो.

मधला भाग दोघांवर चालणार, चाचा आणि पुतण्या. चाचांचं वय बहात्तर, त्यांनी स्वतःच मला सांगितलं की डाव्या कानाने आता बारीक ऐकू येत नाही. हे ऐकलं आणि मला फिल्म सापडली, खरं सांगतो. जवारी म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या घोडीच्या वरच्या सपाटीला काणस आणि पॉलिश पेपरने इतकं हलकं घासायचं की तार तिच्यावर लांबवर चाटत जाईल आणि आवाज उघडेल, मग तारेखाली सुती दोरा सरकवत सरकवत ती जागा शोधायची. डोळ्याला काही दिसत नाही, सगळं कानावर. आणि ज्याच्या कानावर दुकान उभं राहिलं त्याचाच कान आता थकलाय. पुतण्या जवारी काढतो, पण अजून चाचांनी "झाली" म्हटल्याशिवाय वाद्य बाहेर जात नाही.

पण हे चाचांनी चहा पिताना सांगितलंय, कॅमेऱ्यासमोर नाही. त्यांची परवानगी घेतल्याशिवाय हा धागा आपण वापरणार नाही. मी पहिल्या फेरीत एकटा जाऊन विचारीन, कॅमेरा गाडीत ठेवून.

इंटरव्ह्यू दुकानातच, त्यांच्या नेहमीच्या जागी, खाली बसून. खुर्चीवर बसवलं की माणूस भाषण करतो. हातात काम असू दे. चाचा मिरजेची मराठी आणि दखनी मिसळून बोलतात, मयुरी, त्यांना मध्येच "मराठीत सांगा ना" असं अजिबात म्हणायचं नाही, सबटायटल देऊ. भविष्याबद्दल काय वाटतं वगैरे विचारायचं नाही. असं विचारू: चाचा, पहिली घोडी बिघडवली तेव्हा घरात कोण काय बोललं? एखादं वाद्य गिऱ्हाइकाला द्यायला जिवावर आलं असं कधी झालंय? पुतण्याला: चाचा नसताना कधी जवारी काढून दिलीस का, आणि नंतर सांगितलंस का? आणि उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न नको, पाच सेकंद गप्प बसा, खरं बोलणं तिथे येतं.

तिसरी व्यक्ती, कोल्हापूरची गाणं शिकणारी मुलगी जिच्यासाठी हा तानपुरा बनतोय. रोजचा रियाज ती मोबाईलवरच्या तानपुऱ्यावर करते. तिला अपराधी वाटेल असं काही विचारू नका, खोलीत पसरट आवाज कसा भरतो आणि फोनमधून काय मिळतं एवढंच तिच्या शब्दात हवंय.

इतिहास चाळीस सेकंदात. घराण्याचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 मध्ये गेले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, तिथला एक पहाटेचा शॉट. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं, ते एका ओळीत स्क्रीनवर.

ओंकार, कटअवे नुसते सुंदर नकोत, प्रत्येकाला काम पाहिजे. चाचा पहिल्या चुकीबद्दल बोलतील तेव्हा फळीवर पडलेल्या जुन्या घोड्या. धार लावण्याचा उल्लेख आला की पटाशी दगडावर घासताना. पुतण्याचा फोन वाजतो आणि तो हाताचा भुसा झटकून उचलतो. लाखेच्या पॉलिशचा बोळा दांडीवर फिरताना मागून प्रकाश. लंगोट, मणी, खुंट्या जवळून. प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद धरून ठेव, मागच्या वेळी तू चारात कट केलेलास आणि एडिटला रडलो आपण.

साउंड सगळ्यात महत्त्वाचा. बॅकग्राउंड म्युझिक शून्य. तारा चढेपर्यंत फिल्ममध्ये सूर येणारच नाही, फक्त करवत, काणस, रस्ता, अजान, रेल्वेची शिट्टी. दुकानातली नुसती शांतता रोज दोन मिनिटं रेकॉर्ड करायची. जवारीच्या दिवशी दोन माईक, एक घोडीजवळ आणि एक चाचांच्या उजव्या कानाशेजारी.

शेवट. पुतण्या दोरा सरकवतोय, प, सा, सा, खर्ज, परत, परत, आणि कॅमेरा तानपुऱ्यावर नाही, चाचांच्या चेहऱ्यावर. ते "झाली" म्हणतील किंवा स्वतः काणस हातात घेतील. जे होईल ते. रिटेक मागायचा नाही.

पैशाचं, दुकानाचे सात दिवस आपण अडवणार म्हणून रोजची मजुरी आधीच द्यायचीय, मी बजेटमध्ये कॅमेऱ्याच्या भाड्याच्या वर लिहिलीय. रफ कट आधी चाचांना दाखवायचा, त्यांनी काढा म्हटलं ते निघेल. मयुरी, मिरजेची तिकिटं बघ, आणि ओंकार, घोडीजवळ लावायला छोटा माईक कुणाकडे मिळतो ते रविवारपर्यंत सांग.