घरच्या बातम्या, रात्री ९

नमस्कार, बेळगावातल्या टिळकवाडीच्या आमच्या स्वयंपाकघरातून मी धाकटी सून. ठळक बातमी: फ्रिजमधला पाव किलो कुंदा दुपारी बेपत्ता. डबा सापडला, तोही धुतलेला! म्हणजे चोर घरचा नव्हेच, असं सासूबाईंचं निवेदन. चौकशीसाठी मामंजींचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. सीमावादावरचा १९६७ चा महाजन अहवाल आठवून आजेसासूबाईंनी तो बसण्याआधीच फेटाळला. "आयोग कशाला? त्याच्या मिशा बघा की!" मामंजींनी प्रतिक्रिया देण्यास नकार दिला, तोंड भरलेलं होतं.

दरम्यान, फ्रिजच्या मधल्या कप्प्याचा सीमाप्रश्न जैसे थे. माझी इडलीची पिठं अजूनही वादग्रस्त भागातच आहेत.

पाणी: राकसकोप धरण भरलंय म्हणे. आमचा नळ कोरडाच.

आत्ताच हाती आलेली बातमी: मिशीत वेलदोड्याचा वास.